वॉरफरिन की नवी गोळी? एकाच घरात दोन वेगळे निर्णय

रक्तात गुठळी होऊ नये म्हणून घ्यायची वडिलांची वॉरफरिन बंद करून अपिक्साबान ही नवी गोळी सुरू झाली, तेव्हा भावकीत सगळ्यांनी एकच विचारलं, "मग आईची का नाही बदलली?" आमचं गाव बीड जिल्ह्यातलं. वॉरफरिनसाठी रक्त तपासायला तालुक्याला जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो, त्यामुळे प्रश्न रास्तच होता.

वडिलांच्या हृदयाच्या झडपा चांगल्या आहेत, ठोके तेवढे अनियमित पडतात. आईला लहानपणी सांधेज्वर झाला, त्यात माइट्रल झडप खराब झाली आणि पुढे धातूची बसवावी लागली. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे आयएनआर या आकड्यावरून कळतं; निरोगी माणसाचा तो 1 च्या आसपास असतो. वडिलांना 2 ते 3 हवा होता, आईला 2.5 ते 3.5 लागतो. धातूच्या परक्या पृष्ठभागावर रक्त गोठू पाहतं, शिवाय माइट्रलच्या जागी ते कमी दाबाने, सावकाश वाहतं. तीच झडप महाधमनीच्या तोंडाशी असती, तर जोरदार प्रवाहाने धुतली गेली असती; तिथे बहुतेकांना 2 ते 3 पुरतो. वडिलांचा आयएनआर त्याहून वर नेला असता तर फायदा वाढला नसता, मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका मात्र वाढला असता.

धातूच्या झडपेवर दाबिगाट्रान ही अपिक्साबानसारखीच एक नवी गोळी देऊन पाहिली गेली. 2013 मध्ये तिचे निकाल छापून आले: गुठळ्याही जास्त, रक्तस्रावही जास्त. म्हणून आईला वॉरफरिनच.

भाजीचा बाऊ मात्र करू नका. मेथी, पालक, करडईची भाजी यांतलं के जीवनसत्त्व वॉरफरिनच्या उलट काम करतं, हे खरं. पण आई भाजी सोडत नाही. आठवड्यात जेवढी खाते तेवढीच खात राहते. हिवाळ्यात हरभऱ्याचा पाला रोज ताटात आला की आयएनआर उतरतो, उपवासात जेवण तुटलं की चढतो.

खरा घात औषधांनी होतो. गेल्या पावसाळ्यात जुलाबावर तिला मेट्रोनिडाझोल मिळालं. पाचव्या दिवशी दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं, आयएनआर 5.8 निघाला. हे औषध वॉरफरिनचा शरीरातला निचरा अडवतं. डॉक्टरांनी दोन दिवस वॉरफरिन थांबवली, के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन मुद्दाम दिलं नाही, कारण आयएनआर एकदम पडला तर झडपच अडकू शकते. तीन दिवसांनी 3.2 आला. काळी शौच किंवा डोक्याला मार असता, तर थेट दवाखान्यात भरती करावं लागलं असतं. अंगदुखीवरचं डायक्लोफिनॅकही आम्ही आता टाळतो. आयएनआर ठीक असला तरी ते जठरातून रक्तस्राव करवू शकतं.

वडिलांच्या अपिक्साबानला आयएनआर लागत नाही, भाजीचीही अडचण नाही. पण ती महाग आहे, मूत्रपिंडाची तपासणी अधूनमधून करावी लागते, आणि एखाद्या दिवशी विसरली तर संरक्षण लगेच ओसरतं. वॉरफरिनचा असर काही दिवस टिकतो, हिचा नाही. दिवसातून दोनदा घ्यायची, म्हणून संध्याकाळची गोळी आई देवापुढे दिवा लावतानाच त्यांच्या हातावर ठेवते.