गाड्यांच्या कागदांचं रजिस्टर गुगल शीटवर: 8 महिन्यांनंतर काय वाटतं

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, मी डिस्पॅचला बसते. माल नेणारे टेम्पो, आयशर, छोटा हत्ती सगळं मिळून 60 च्या आसपास गाड्या, त्या तीन ट्रान्सपोर्टवाल्यांच्या. प्रत्येक गाडीचा इन्शुरन्स, पीयूसी आणि फिटनेस (आमच्याकडे सगळे पासिंगच म्हणतात) चालू आहे ना हे बघायचं आणि तारीख गेलेला कागद परत करायचा, हे काम माझ्याकडे. आधी जाडजूड वही होती, फेब्रुवारी 2025 पासून गुगल शीट. आता ऑक्टोबर आलाय, म्हणून म्हटलं लिहावं, कारण शीट चांगली आहे पण पहिले तीन महिने ती मला खोटं सांगत होती आणि मला पत्ता नव्हता.

शीट भाच्याने बनवून दिली. तारीख टाकली की पुढच्या रकान्यात ठीक, लवकर किंवा परत असं आपोआप येणार, 15 दिवस उरले की लवकर. मी खूश, वहीची पानं उलटणं बंद.

19 मे ला सिक्युरिटीचे काका एका टेम्पोची पीयूसी हातात घेऊन आले, म्हणाले, ''मॅडम, ही 6 तारखेलाच संपलीय की.'' कागदावर खरंच 06/05/2025. शीटमध्ये मात्र हिरवा ठीक. मला वाटलं माझाच टायपो असणार, पण सेलमध्ये 06/05/2025 बरोबर टाकलेलं होतं. मग त्या सेलचा फॉरमॅट बदलून महिन्याचं नाव दिसेल असं केलं तर 5 जून! फाइलची सेटिंग अमेरिकेची होती, तिथे महिना आधी आणि दिवस नंतर. म्हणजे 6 मे ला संपलेली पीयूसी शीटच्या हिशोबाने अजून 17 दिवस चालू, लवकर सुद्धा नाही.

बरं एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. दुसऱ्या एका गाडीचं पासिंग 25/04/2025 ला संपलेलं, तिथेही ठीक. आता 25 वा महिना तर नसतो, मग शीटने ती तारीख मानलीच नाही, नुसता मजकूर म्हणून ठेवली. आणि मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठाच धरला जातो, त्यामुळे "आजच्या आधीची आहे का" याचं उत्तर कायम नाही. ती गाडी 2030 मध्ये पण ठीकच दिसली असती. ओळखायची खूण नंतर कळली, खरी तारीख सेलमध्ये उजवीकडे चिकटते आणि मजकूर डावीकडे, अर्थात अलाइनमेंट हाताने बदलली नसेल तर. माझ्या रकान्यात अर्ध्या डावीकडे होत्या, मला वाटायचं शीट अशीच वाकडीतिकडी दिसते.

उपाय: `File` > `Settings` मध्ये जाऊन `Locale` ला India केलं. पण इथे परत फसायला होतं, सेटिंग बदलल्याने आधी चुकलेल्या तारखा सुधारत नाहीत, 5 जून समजलेली तारीख 5 जूनच राहते, फक्त दिसायला आपल्या पद्धतीने दिसते. सगळ्या गाड्यांच्या तिन्ही तारखा कागद समोर ठेवून परत टाकल्या, पूर्ण रविवार गेला. आता मी 06-May-2025 असं महिन्याच्या नावानेच टाकते. आणि सूत्र असं केलं:

```
=IF(NOT(ISNUMBER(D2)),"तारीख तपासा",IF(D2<TODAY(),"परत",IF(D2<=TODAY()+15,"लवकर","ठीक")))
```

पहिला तुकडा महत्त्वाचा, सेल रिकामा असो नाहीतर मजकूर असो, ठीक येतच नाही. `<` मुद्दाम आहे, कारण शेवटच्या तारखेचा पूर्ण दिवस कागद चालतो, इन्शुरन्स त्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत असतो. त्याच सेटिंगमध्ये `Time zone` पण बघा, माझा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा होता, तेव्हा आपले दुपारचे साडेबारा होईपर्यंत शीटसाठी कालचाच दिवस. आमचं गेट 8 ला उघडतं.

आता दुसरी गोष्ट, जी कुठलीच शीट सांगत नाही. जुलैमध्ये एका आयशरचा इन्शुरन्स 11 ला संपला. 12 ला सकाळी शीटमध्ये "परत" असं आलं, मी कागद परत केला. ट्रान्सपोर्टवाल्याने लगेच एजंटची पैसे भरल्याची पावती व्हॉट्सअप केली, "ताई, झालंय रिन्यू, पॉलिसी येतेय." सोमवारी 14 ला मी गाडी आत घेतली, माझी चूक. 16 ला पॉलिसी आली, मुदत 15 जुलैपासून. म्हणजे 12, 13, 14 तीन दिवस गाडी विनाइन्शुरन्स आणि त्यातला एक दिवस आमच्या आवारात, आमचा माल भरून. शेवटच्या तारखेच्या रकान्यात बघाल तर जुलै 2026, एकदम ठीक! तेव्हापासून "पासून" असा वेगळा रकाना केलाय, नवीन पॉलिसी जुनी संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू आहे का ते बघते. पावती, कोटेशन, पासिंगच्या अपॉइंटमेंटचा कागद, यातलं काहीही आता घेत नाही, कोणी कितीही ताई ताई केलं तरी.

एमपरिवहन अॅप जोडीला वापरते, गाडी नंबर टाकला की तिन्ही तारखा दिसतात. ते भारी आहे पण आंधळेपणाने नाही. अॅपवर तारीख पुढची आणि हातातला कागद जुना असेल तर बहुतेक वेळा ड्रायव्हरने जुनी झेरॉक्स दिलेली असते, नवीन मागायची, विषय संपला. उलटं असेल, म्हणजे कागद नवा पण अॅपवर जुनीच तारीख, तर जरा थांबायचं. इन्शुरन्स कंपनीकडून माहिती यायला कधी कधी दिवस लागतात हे खरं, पण खोटी पॉलिसी असली तरी अगदी असंच दिसतं. मी पॉलिसी नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघते, तिथे निघाली तरच ठीक.

पासिंगमध्ये एक अंदाजाची चूक मी दोनदा केली. नव्या मालवाहू गाडीचं फिटनेस 2 वर्षांचं, पुढेही 8 वर्षांपर्यंत 2-2 वर्षं, त्यानंतर दरवर्षी. हात सवयीने दोन वर्षं पुढचं साल टाकतो आणि गाडी असते 9 वर्षं जुनी. पीयूसीचंही तसंच, कुठली 6 महिन्यांची कुठली वर्षाची, त्यामुळे मनाने मोजायचं नाही, कागदावर छापलंय तेच टाकायचं.

परत करण्याबद्दल. आधी मी एक कागद संपला की अख्खी फाइल परत द्यायचे, मग ते लोक नवीन पीयूसी लावून फाइल आणायचे आणि त्यात आरसीच गायब, परत फेरी. आता फक्त संपलेला कागद काढते, त्यावर चिठ्ठी लावते: गाडी नंबर, कुठला कागद, कधी संपला, काय आणायचं. "कागदपत्रे अपूर्ण" असा शेरा मारला की ड्रायव्हर बिचारा काहीही घेऊन येतो. शीटमध्ये जुनी तारीख पुसत नाही, नवीन ओळ टाकते, नाहीतर तो 3 दिवसांचा खड्डा मला दिसलाच नसता.

अजून वैताग एकच, पीयूसीच्या पुसट प्रिंट. 3 आहे की 8 हे उन्हात धरूनही कळत नाही, तेव्हा एमपरिवहन उघडते. काल एका छोट्या हत्तीचं तसंच झालं, कागदावर मला 08 वाटलं, अॅपवर 03 निघालं, कागद परत.