कुत्र्याचा ताप घरी मोजायचा तर: कानाचा थर्मामीटर की गुदद्वाराचा?

आमच्या खंड्यासाठी मी दोन्ही घेतले आणि दोन्ही वापरले. आता कपाटात पुढे एकच असतो. तुम्ही अजून ठरवत असाल तर माझा अनुभव उपयोगी पडावा. अर्थात तुमच्या कुत्र्याचा स्वभाव वेगळा असेल, तेवढं गृहीत धरून वाचा.

आधी दोन पर्याय बाजूला ठेवतो. नाकाला हात लावून ताप कळत नाही. निरोगी कुत्र्याचं नाकही झोपून उठल्यावर कोरडं आणि गरम लागतं. कपाळावर रोखायची ‘गन’ तर त्वचेचं नाही, केसांचं तापमान सांगते. उरले कान आणि गुदद्वार.

आकड्यांचं एवढं लक्षात ठेवा. मोठ्या कुत्र्याचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, म्हणजे ३८.३ ते ३९.२ सेल्सिअस असतं. आपल्या ९८.६ च्या सवयीने १०१ दिसलं की आपण दचकतो, पण तो ताप नव्हे. उलट १०१ ला ‘थोडी कणकण’ समजणारा माणूस १०३.५ लाही ‘थोडी जास्त कणकण’ म्हणून बसून राहतो, आणि ते महागात पडतं.

कानाच्या थर्मामीटरची बाजू आधी मांडतो, कारण मी तोच आधी घेतला होता. दोन सेकंदांत आकडा येतो, शेपटी उचलावी लागत नाही, दुसरा माणूस लागत नाही. तापाने मलूल झालेल्या जनावराला त्रास द्यायला कुणाचंच मन धजत नाही, त्यामुळे ही सोय मोठी वाटते. कुत्र्यांसाठी मुद्दाम बनवलेले, लांब टोकाचे कानाचे थर्मामीटरही असतात. सरावलेल्या हाताला त्यांचा आकडा बरा येत असावा. माणसांसाठीचा मात्र अजिबात घेऊ नका. कुत्र्याच्या कानाची नळी सरळ नसते. ती आधी खाली उतरते आणि मग आत वळते. त्या वळणापलीकडे पडदा असतो, आणि आखूड टोक तिथपर्यंत ‘पाहू’च शकत नाही. वाटेत केस आणि मळ असला की आकडा आणखी घसरतो. उलट कानात संसर्ग असला तर चढूही शकतो.

माझं मत फिरलं ते एका गोष्टीने: एकाच कानात, एकाच मिनिटात, तीन आकडे. जुलैतली शुक्रवारची संध्याकाळ होती. खंड्याने दूध-पोळी अर्धी टाकली आणि जिन्याखाली जाऊन पडला. मी कानात थर्मामीटर धरला, १०१.३ आलं. खात्री वाटेना म्हणून पुन्हा धरला, १०२.६. तिसऱ्यांदा १००.९. एव्हाना तो मान झटकू लागला होता. बायको म्हणाली, “अहो, यातला खरा कुठला?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मनाला हवा तो आकडा मी धरला आणि रात्र जाऊ दिली.

सकाळी तो हाक मारूनही उठला नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी मागून थर्मामीटर लावला: १०४.२. हिरड्या फिकट होत्या, पोटाच्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके होते. रक्ताच्या तपासणीत प्लेटलेट्स ६२ हजार निघाल्या. गोचिडीतून येणारा एर्लिकिया. २८ दिवस डॉक्सिसायक्लीन चाललं आणि तो बरा झाला. या आजारात ताप चढ-उतार करतो, त्यामुळे शुक्रवारचं तापमान खरोखर किती होतं ते मी सांगू शकत नाही. पण आदल्या रात्री एकच भरवशाचा आकडा हाती असता तर मी थांबलो नसतो, एवढं नक्की.

तेव्हापासून गुदद्वाराचाच. साधा डिजिटल थर्मामीटर, टोक वाकणारा असेल तर उत्तम. पाऱ्याचा काचेचा नको, कुत्रा हलला आणि आतच तुटला तर अवघड. पद्धत एकदा हाताला बसली की सोपी आहे. पळून-खेळून आलेला असेल तर अर्धा तास निवांत पडू द्या. एकाने समोर बसून एक हात मानेखाली, दुसरा पोटाखाली घालून उभं धरायचं. आमच्याकडे मुलगा ताटलीला दही फासून पुढे धरतो, तोवर काम होतं. टोकाला व्हॅसलीन लावा, शेपटी बुडाशी धरून उचला आणि टोक हलकेच फिरवत आत सरकवा. मध्यम कुत्र्याला एक इंच, लहान जातीला अर्धा इंच पुरतो. अडलं तर जोर लावू नका.

इथे एक चूक हमखास होते. टोक सरळ मधोमध गेलं की ते शीमध्ये रुतून बसतं आणि आकडा कमी येतो. म्हणून आत गेल्यावर ते किंचित तिरकं करून भिंतीला टेकवा आणि बीप होईपर्यंत धरा. आकडा अनपेक्षित कमी वाटला तर शी करवून आणून पुन्हा घ्या. नंतर साबणाने धुऊन स्पिरिटने पुसा आणि थर्मामीटरवर लाल चिकटपट्टी लावून ठेवा, म्हणजे घरात कुणी तो तोंडात धरणार नाही.

चावणारा कुत्रा, मागून रक्त जाणारा किंवा त्या भागात नुकतंच ऑपरेशन झालेला, यांच्यासाठी हा मार्ग नाही. तिथे काखेत धरा, पण एक भान ठेवून: काखेचा आकडा सहसा कमीच येतो. काखेत १०३ आलं तर ताप आहेच, १०१ आलं तर काहीच सिद्ध होत नाही.

आता दवाखान्याचं. १०३ च्या वर असेल, पण खातोय, शेपटी हलवतोय, तर तासाभराने पुन्हा मोजा. दिवसभर तसंच राहिलं तर दाखवा. १०४ ला त्याच दिवशी, १०६ ला त्याच क्षणी. ९९ च्या खालीही निघा, फक्त विण्याच्या बेतात असलेली कुत्री सोडून, कारण विण्याच्या आदल्या दिवशी तिचं तापमान असं उतरतं. पिल्लू किंवा म्हातारा कुत्रा असेल तर मी एवढीही वाट पाहणार नाही. आणि फिकट हिरड्या, लाल ठिपके, नाकातून रक्त किंवा गडद चहासारखी लघवी दिसली तर थर्मामीटर काहीही म्हणो, गाडी काढा.

उन्हातून आणलेला, धापा टाकणारा कुत्रा १०५ दाखवत असेल तर तो ताप नसून उष्माघात असतो. साध्या पाण्याने भिजवा, पंखा लावा आणि निघा. १०३.५ पर्यंत उतरलं की भिजवणं थांबवा, कारण त्यापुढे ते आपोआप आणखी उतरतं. घरातलं पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन मात्र कुठल्याच तापात देऊ नका, कुत्र्याला त्याची विषबाधा होऊ शकते.

कुठलाही थर्मामीटर घ्या, पण पहिला आकडा आजारपणात घेऊ नका. कुत्रा ठणठणीत असताना वेगवेगळ्या दिवशी तीनदा मोजा आणि लिहून ठेवा. खंड्याचा आकडा १०१.४ आहे. तो थर्मामीटरच्या डबीवरच लिहिलाय.