नुसती कात्री की नवं यमक?

लालबागच्या चाळीतल्या भजनासाठी लिहिलेली ही लांब ओळ आखूड करायची आहे: ‘देवा रे माझ्या देवा, तुझ्या पायी मी येतो रे, मनातले दुःख सारे तुझ्यापाशी मी ठेवतो रे’.

नुसती कात्री लावली तर ‘देवा, तुझ्या पायी येतो, दुःख पायाशी ठेवतो’. चरण 8-8 अक्षरांचे झाले, पण ‘पाय’ दोनदा आले आणि यमक फक्त ‘तो’चं उरलं. ते कुठल्याही क्रियापदाला फुकटात मिळतं.

यमक बदललं तर ‘दिवसाचा भार डोई, उतरतो तुझ्या पायी’. अक्षरं तेवढीच. ‘दुःख’ हा शब्द गेला, भाव मात्र राहिला. उलट ओझं आता दिसतं. मला हीच ओळ पसंत.

चाल मंडळाच्या तोंडी बसली असेल तर मात्र कात्रीच बरी, आणि ध्रुपदातला ‘रे’ राहू द्या. मागचे गाणारे तिथेच सूर लांबवतात.