पाच ओळींचे अनोळखी ईमेल: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मी पुण्यात स्वतंत्रपणे पाकिटांचे आणि लेबलांचे डिझाइन करते. ओळखीतून येणारे काम आटले तेव्हा मसाले, पापड, लोणची बनवणाऱ्या छोट्या उद्योगांना मी स्वतःहून ईमेल लिहू लागले. पहिले ईमेल चांगले एकवीस ओळींचे होते. त्याला जवळजवळ कोणीच उत्तर देत नसे, म्हणून ते कापत कापत पाच ओळींवर आणले. गेले आठ महिने मी हाच साचा वापरत आहे. या काळात 61 ईमेल पाठवले, त्यांतील 14 जणांनी उत्तर दिले आणि चौघांकडून काम मिळाले. नकार कळवणाऱ्यांनाही मी उत्तर देणाऱ्यांतच धरले आहे.

कांदा-लसूण मसाला बनवणाऱ्या एका घरगुती उद्योगाला लिहिलेले ईमेल नमुन्यासाठी देते.

> विषय: कांदा-लसूण आणि गोडा, दोन्ही पाकिटे लाल
>
> नमस्कार. ही तक्रार नाही. मालकांपर्यंत पोहोचवावे ही विनंती.
> काल कोथरूडमधील दुकानात तुमचा गोडा मसाला मागितला, तेव्हा दुकानदाराने दोनदा कांदा-लसूण मसाल्याचे पाकीट काढून दिले.
> पाकिटावरचा लाल रंग स्वतंत्र सिलिंडरवर असेल, तर गोड्या मसाल्यासाठी फक्त शाई बदलून तो तपकिरी करता येईल.
> मी पाकिटांचे डिझाइन करते आणि हा बदल कसा दिसेल याचे एक चित्र केले आहे.
> पाठवू का?

खाली फक्त नाव आणि मोबाइल क्रमांक असतो.

जुन्या ईमेलमधून सर्वात आधी माझी ओळख गेली. किती वर्षांचा अनुभव, कोणकोणती सॉफ्टवेअर येतात, कोणाकोणासाठी काम केले हे सगळे पहिल्या सात ओळींत होते, आणि मोबाइलवर वाचणाऱ्या मालकाला स्वतःच्या मालाविषयीचा पहिला शब्द दिसण्याआधीच पडदा संपत असे. त्यानंतर ‘आपली उत्पादने अत्यंत दर्जेदार आहेत’ हे कौतुक काढले, कारण ते वाक्य नाव बदलून कोणालाही पाठवता आले असते आणि वाचणाऱ्याला ते कळतेच. बारा मेगाबाइटची कामांची पीडीएफही काढली. दरपत्रक काढताना मात्र मी घुटमळले, कारण दर आधीच सांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटत होते. पण काय करायचे हेच ठरलेले नसताना सांगितलेला आकडा मालकाला नुसता खर्च म्हणून दिसतो, हे दोन नकारांनंतर पटले.

‘ही तक्रार नाही’ ही ओळ नंतर आली आणि तिच्यामागे एक फजिती आहे. वेष्टित वस्तूंवर ग्राहकांच्या तक्रारींसाठी संपर्काचा तपशील छापणे वजनमाप कायद्याखालील 2011 च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. मला पत्ता बहुधा तिथूनच मिळतो, त्यामुळे माझे ईमेल तक्रारी पाहणाऱ्या माणसाच्या हाती पडते. सुरुवातीला मी विषयात केवळ ‘तुमच्या पाकिटाविषयी’ असे लिहीत असे. एका ठिकाणाहून तासाभरात उत्तर आले, मी आनंदाने उघडले, तर त्यात क्षमायाचना होती आणि बॅच क्रमांक व बिलाचा फोटो पाठवण्याची विनंती होती. आता विषयात नेमकी गोष्ट असते आणि पहिल्याच ओळीत गैरसमज दूर होतो. उत्तर थोडे उशिरा येते, पण ते योग्य माणसाकडून येते.

सिलिंडरची ओळ ही माझ्या मते या ईमेलची खरी कमाई आहे. अशी बहुतेक छापील पाकिटे ग्रॅव्यूर पद्धतीने छापली जातात. त्यात प्रत्येक रंगासाठी कोरलेले वेगळे सिलिंडर लागते आणि छोट्या उद्योगाला डिझाइनरच्या मानधनापेक्षा नव्या सिलिंडरच्या खर्चाचीच धास्ती जास्त असते. ‘नवे रूप देऊ या’ असे म्हटले की त्यांना सिलिंडरचा पूर्ण संच दिसू लागतो. ‘फक्त शाई बदलून’ या शब्दांनी ती धास्ती थेट हाताळली जाते.

मात्र हे वाक्य मी आधी ‘खर्च न वाढवता’ असे बेधडक लिहीत असे आणि एकदा चांगलीच अडकले. त्या उद्योगाच्या पाकिटावरचा लाल स्वतंत्र नव्हता, तो किरमिजी आणि पिवळ्या ठिपक्यांच्या मिश्रणातून आलेला होता, आणि त्याच दोन सिलिंडरांवर मिरच्यांचे छायाचित्रही होते. शाई बदलली असती तर मिरच्यांचाही रंग गेला असता. मालकांच्या छापखान्याने हे एका वाक्यात सांगितले आणि पुढचा संवाद तिथेच संपला. तेव्हापासून मी पाकीट विकत घेते आणि भिंगाखाली पाहते: रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर तो मिश्र रंग, सलग थर दिसला तर बहुधा स्वतंत्र. पाकिटाच्या जोडाजवळ छापलेले छोटे रंगीत चौकोन किंवा गोल दिसत असतील, तर तेही मोजते. कोणते रंग वापरले आहेत याचा अंदाज त्यावरून येतो. तरीही वाक्यात ‘असेल, तर’ ठेवलेच आहे. त्याचा आणखी एक लाभ झाला. मालक ती ओळ छापखान्याला विचारतात आणि आलेले उत्तर मला कळवतात.

वरच्या ईमेलला तिसऱ्या दिवशी उत्तर आले: ‘लाल वेगळा आहे, पण आमचे बोधचिन्हही त्याच लालमध्ये आहे, तपकिरी चालणार नाही.’ म्हणजे माझी सूचना जशीच्या तशी उपयोगाची नव्हतीच. पण बोलणे सुरू झाले होते. गोड्या मसाल्याचे नाव काळ्या रंगात असल्यामुळे काळे सिलिंडर त्याचे वेगळे होतेच. बोधचिन्ह त्याच काळ्यात घेतले, काळ्याखालचा तपकिरी दिसत नाही, आणि एकच सिलिंडर नव्याने कोरावे लागले.

‘पाठवू का?’ या प्रश्नाविषयी माझे मत अजून पूर्ण ठरलेले नाही. आधी तिथे ‘पंधरा मिनिटे बोलता येईल का?’ असे होते आणि त्याला टाळाटाळच मिळे. चित्र मागवण्यासाठी मात्र ‘हो’ एवढेच लिहावे लागते. पण चित्र आधीच करून ठेवावे लागते, आणि ते अनेकदा कोणी मागतच नाही. पाहणी, चित्र आणि लेखन धरून एका ईमेलला माझे दोन तास जातात, त्यामुळे आठवड्याला दोनच्या वर मला जमत नाहीत. ईमेल उघडले की नाही हे सांगणारी सोयही मी बंद केली, कारण ती ईमेलमधले लपवलेले चित्र उतरले की ईमेल उघडले असे धरते, पण काही मेलसेवा चित्रे आपोआप आधीच उतरवून घेतात आणि न वाचलेले ईमेलही उघडलेले दिसते. आठ दिवसांनी एक स्मरण पाठवते, त्यात नवीन काही नसते. त्यानंतर नाव वहीतून खोडते.

ज्यांचे काम बाहेरून पाहता येत नाही, त्यांच्यासाठी मला हा साचा निरुपयोगी वाटला. एका हिशेबनीसांच्या कार्यालयाला आणि एका शिकवणीवर्गाला लिहून पाहिले, पण दुकानात डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीच्या जागी संकेतस्थळावरचे मोघम दोष लिहावे लागले आणि दुसरी ओळच लटकी पडली. त्यांना मी आता लिहीत नाही.