२०० अँपिअरचं वेल्डिंग मशीन आणि १६ अँपिअरचा प्लग: आठ महिन्यांचा अनुभव

डिचोलीच्या वर्कशॉपमध्ये सिंगल फेजचं २०० अँपिअरचं इन्व्हर्टर मशीन आठ महिने चाललंय, त्यात अख्खा पावसाळा आला. मशीनबद्दल तक्रार नाही. त्रास दिला तो १६ अँपिअरच्या साध्या प्लगने.

२०० हा आकडा रॉडकडे जाणाऱ्या करंटचा. भिंतीतून मशीन किती ओढतं, तो हिशेब वेगळा. खिडकीच्या ग्रिलला २.५ मिमीचा रॉड ८० अँपिअरवर लावला, तर २३० व्होल्टवर साधारण १४ अँपिअर जातात. सॉकेट निभावून नेतं. गेटच्या जाड अँगलला ३.१५ चा रॉड १२० वर घेतला की आर्कलाच सुमारे ३ किलोवॉट लागतात. मशीनमधली घट आणि कमी पॉवर फॅक्टर धरला की भिंतीतून २३ अँपिअरच्या आसपास येतात. बोर्डावर २० चा एमसीबी असला तरी एवढ्याशा जास्त लोडवर तो बराच वेळ पडत नाही. तोवर सॉकेट भाजत राहतं.

आतली पितळी पट्टी तापून सैल होते, पकड कमी झाली की आणखी तापते. त्यात आपल्याकडची दमट हवा पितळेवर हिरवट थर चढवते. दहा मिनिटं काम झाल्यावर मेन बंद करा, प्लग काढा आणि पिनांजवळ हात नेऊन बघा. एकच पिन तापली असेल तर तिथली पकड किंवा स्क्रू सैल आहे. दोन्ही सारख्याच तापल्या तर लोडच जास्त आहे. भोकाभोवती तपकिरी कडं दिसलं की ते सॉकेट पुन्हा वापरू नका, नुसता प्लग बदलून भागत नाही.

यावर उपाय म्हणजे निळा, तीन पिनांचा ३२ अँपिअरचा इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट. बोर्डापासून सॉकेटपर्यंत ६ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणि सी कर्व्हचा ३२ चा एमसीबी, सोबत ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी. मशीनला तीन कोअरची ४ स्क्वेअर एमएमची रबरी केबल. वायरच्या टोकांना फेरूल दाबून बसवा, सोल्डर लावू नका. स्क्रूखाली सोल्डर हळूहळू दबतं आणि जोड सैल होतो. पहिल्या आठवड्यानंतर सगळे स्क्रू एकदा पुन्हा आवळा.

केबल लांबवायची असेल तर जाडीत कंजुषी नको. २० मीटरच्या दीड स्क्वेअर एमएम केबलमध्ये २३ अँपिअरला १२ व्होल्ट पडतात, ४ मध्ये साडेचार. संध्याकाळी लाइनच २०० च्या खाली आली की हाच फरक जाणवतो: रॉड चिकटायला लागतो आणि दोष मशीनला जातो. रीलवरची केबल मात्र पूर्ण सोडूनच वापरा. गुंडाळलेली राहिली तर उष्णता बाहेर पडत नाही आणि आतले थर वितळून एकमेकांना चिकटतात.