आधी लहान कर्ज की आधी महागडं? बंदीच्या दोन महिन्यांसकट हिशेब

मालवणातल्या एका मच्छीमार घराचा हिशेब मांडू (आकडे उदाहरणादाखल). क्रेडिट कार्डाची थकबाकी 60,000, महिना साडेतीन टक्के व्याज. इंजिनासाठी पतसंस्थेचं कर्ज 30,000, वर्षाला 18 टक्के. फ्रीजचं कर्ज 15,000, 12 टक्के. किमान हप्ते अनुक्रमे 3,000, 2,000 आणि 1,500. फेब्रुवारीपासून दरमहा 10,000 बाजूला काढता येतात, म्हणजे वरचे 3,500 कुठे घालायचे एवढाच प्रश्न.

स्नोबॉलमध्ये ते सगळ्यात लहान कर्जात जातात आणि ते मिटलं की त्याचा हप्ता पुढच्या कर्जाला मिळतो. अ‍ॅव्हलांचमध्ये आधी सगळ्यात जास्त व्याजाचं कर्ज, इथे कार्ड.

| | स्नोबॉल | अ‍ॅव्हलांच |
|---|---|---|
| एकूण व्याज | 22,823 | 18,452 |
| पहिलं खातं बंद | चौथा महिना | अकरावा महिना |
| सगळं फिटतं | तेरावा महिना | तेरावा महिना |

फरक 4,371 रुपयांचा. कार्डाच्या व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो, तो यात धरलेला नाही. धरला तर फरक आणखी वाढतो.

मग अ‍ॅव्हलांचच घ्यावी? दर महिन्याला ठरलेला पगार येत असेल तर हो, बिनदिक्कत. पण 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा वरचे 3,500 सोडाच, किमान हप्ते भरतानाच दमछाक होते. म्हणून मेअखेर सक्तीचा हप्ता किती उरतो ते बघायला हवं. कार्डाचा किमान हप्ता थकबाकीच्या 5 टक्के धरला, तर स्नोबॉलमध्ये साधारण 4,810 उरतो आणि अ‍ॅव्हलांचमध्ये 5,573. एक खातं जास्त असूनही फरक जेमतेम साडेसातशेचा, कारण कार्डाची बाकी उतरते तसा त्याचा किमान हप्ताही उतरतो. स्नोबॉलने हात मोकळा होतो म्हणतात, तो एवढाच.

मी तिसरी वाट धरेन: फ्रीज आधी मिटवायचा आणि मग पतसंस्थेला नुसता हप्ता देत सगळा जोर कार्डावर. एकूण व्याज 20,284, म्हणजे अ‍ॅव्हलांचपेक्षा 1,832 जास्त, पण मेअखेर सक्तीचा हप्ता 4,576, तिन्हींत कमी. वरचे आकडे दरमहा 10,000 जातातच असं धरून आहेत. बंदीत नुसते किमान हप्ते गेले तर मुदत आणि व्याज तिन्हीकडे वाढेल.

पतसंस्थेत दोन गोष्टी आधी विचाराव्यात. व्याज घटत्या शिलकीवर आहे की सरसकट मूळ रकमेवर, आणि मुदतीआधी फेडल्यास काही आकार लागतो का. सरसकट असेल आणि लवकर फेडण्यावर सूट नसेल, तर तिथे जादा पैसे भरून काही वाचत नाही. आणि कार्डावर बाकी असताना त्यावर डिझेल भरू नका: त्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, व्याज पहिल्या दिवसापासून चढतं.