लवकर पैशांवर सूट की उशिरावर व्याज?

अंधेरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं 1,00,000 रुपयांचं बिल धरू. 18% जीएसटी मिळून 1,18,000. मुदत 30 दिवस.

पहिला पर्याय: 10 दिवसांत पैसे दिल्यास 2% सूट. सूट मूळ रकमेवर, म्हणजे 2,000. जीएसटीसह क्रेडिट नोट काढली तर ग्राहक 2,360 कमी देतो. नुसती कमर्शियल, म्हणजे जीएसटी तसाच ठेवणारी नोट असेल तर 2,000. नेमका इथेच 360 रुपयांचा वाद होतो, म्हणून बिलावर आधीच लिहा. 2% किरकोळ वाटतं, पण पैसे फक्त 20 दिवस आधी येतात. 2 ÷ 98 × 365 ÷ 20 केलं की वार्षिक दर 37% च्या पुढे जातो. बँकेची कॅश क्रेडिट 12% ला मिळत असेल, तर ही सूट मला महागडी वाटते. अर्धा टक्का दिला तरी तो दर 9% च्या आसपास येतो.

दुसरा पर्याय: वार्षिक 18% विलंब-व्याज. 20 दिवस उशीर झाला तर 1,18,000 × 18% × 20 ÷ 365, म्हणजे सुमारे 1,164. हे व्याज वसूल झालं की त्यावरही जीएसटी लागतो, हे बरेच जण विसरतात. शिवाय मोठे ग्राहक ते सरळ कापून मूळ रक्कमच पाठवतात.

मात्र उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाला 2006 चा एमएसएमई कायदा आधार देतो: लेखी करारातही मुदत 45 दिवसांपुढे नेता येत नाही. ठरलेली मुदत उलटली की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. उद्यम क्रमांक बिलावर छापा.